रिकामी खुर्ची नेमकी कोणाची?

मंडपाच्या दारावर ‘सर्व प्रवेशिका संपल्या आहेत’ अशी पाटी लागलेली असते. मागे भारतीय बैठकीत लोक मांडीला मांडी लावून बसलेले असतात, कडेला उभे राहणारेही असतात. आणि रंगमंचासमोर, पांढरी कापडं घातलेल्या खुर्च्यांच्या चार-सहा रांगा जवळजवळ मोकळ्या. शास्त्रीय संगीताच्या महोत्सवांना जाणाऱ्यांना हे चित्र नवं नाही. मागचे कुजबुजतात, ‘प्रायोजकांच्या सन्मानिका असणार. फुकट मिळालं की कदर नसते.’

हा आरोप काही वेळा खरा असतो, काही वेळा साफ खोटा. खरा की खोटा हे सांगता येण्याजोगी नोंद आयोजकांकडे बहुधा नसते, कारण किती सन्मानिका छापल्या एवढंच त्यांना ठाऊक असतं. किती वाटल्या गेल्या ते अर्धवट ठाऊक असतं आणि किती जणांनी त्या दारात दाखवून आत पाऊल टाकलं ते कोणालाच ठाऊक नसतं.

सन्मानिकेला फुकट म्हणणंही तसं बरोबर नाही. प्रायोजक पैसे देतो, त्याच्या बदल्यात त्याला मंचामागच्या पडद्यावर नाव, पुस्तिकेत जाहिरात, निवेदनात उल्लेख आणि ठरावीक जागा मिळतात. म्हणजे जागा हा सौद्याचाच भाग झाला. त्यामुळे किती द्यायच्या, कोणत्या द्यायच्या यावरून ओढाताण होते आणि ती कधी कधी फार लांब जाते. ऑक्टोबर 2018 मध्ये भारत आणि वेस्ट इंडीज यांच्यातला एक एकदिवसीय सामना इंदूरला व्हायचा होता. भारतीय क्रिकेट नियामक मंडळाच्या नव्या घटनेनं सक्ती केली होती की मैदानाच्या क्षमतेच्या 90 टक्के तिकिटं लोकांना विकलीच पाहिजेत. उरलेल्या 10 टक्क्यांत सगळ्या सन्मानिका बसवायच्या. होळकर मैदानाची क्षमता सत्तावीस हजारांच्या आसपास, म्हणजे सन्मानिका झाल्या साधारण 2,700. त्यात मध्य प्रदेश क्रिकेट संघटनेला स्वतःचे सभासद, सरकारी खाती, पोलीस, माजी खेळाडू असे सगळे सांभाळायचे होते आणि मंडळाला आपल्या प्रायोजकांसाठी चांगल्या दालनातला वाटा हवा होता. तडजोड झाली नाही. सामना विशाखापट्टणमला हलवला गेला. 24 ऑक्टोबरला तिथे विराट कोहलीनं एकदिवसीय सामन्यांतल्या दहा हजार धावा पूर्ण केल्या आणि सामना बरोबरीत सुटला. हे सगळं इंदूरकरांना दूरचित्रवाणीवर पाहावं लागलं.

त्या वादात दोन्ही बाजू ‘आम्हाला इतक्या हव्यात’ असं म्हणत होत्या. मागच्या सामन्यात दिलेल्यांपैकी वापरल्या किती गेल्या, हा प्रश्न निदान जाहीर चर्चेत तरी कोणी काढला नाही. तो कसा काढायचा आणि त्याचं उत्तर कसं मिळवायचं, हे एका उदाहरणावरून पाहू.

समजा, एका मध्यम शहरात शुक्रवार ते रविवार असा तीन दिवसांचा संगीत महोत्सव आहे. हा महोत्सव आणि त्यातले आकडे कल्पित आहेत, पण अशी समिती चालवणाऱ्या कोणालाही ते अनोळखी वाटू नयेत. मंडपात 1,800 लोकांची भारतीय बैठक आणि 1,200 खुर्च्या. तिन्ही दिवसांच्या खुर्चीची प्रवेशिका 3,000 रुपयांना. मुख्य प्रायोजक 15 लाख रुपये देतो आणि त्याला तिन्ही दिवसांच्या 120 सन्मानिका मिळतात. तीन सहप्रायोजक प्रत्येकी पाच लाख देतात, त्यांना 40-40. आणखी दहा लहान प्रायोजक प्रत्येकी एक लाख देतात, त्यांना सहा-सहा. एकूण जमा 40 लाख, एकूण सन्मानिका 300. म्हणजे मंडपाच्या दहा टक्के, पण खुर्च्यांच्या पंचवीस टक्के. समितीच्या बैठकीत नेहमी पहिला आकडा सांगितला जातो आणि दुसरा गिळला जातो. छापील किमतीनं त्या जागा नऊ लाखांच्या होतात. त्या सगळ्या विकल्या गेल्याच असत्या असं नाही, म्हणून खरं नुकसान नऊ लाखांचं नव्हे. पण रविवारी दारातून परत गेलेल्या रसिकांपुरतं ते खरं आहे.

बहुतेक ठिकाणी या 300 सन्मानिकांचं वाटप असं होतं: छापखान्यातून गठ्ठे येतात, मोजून पाकिटात भरले जातात, पाकिटावर कंपनीचं नाव टाकून कोणीतरी मोटारसायकलवरून पोचवून येतो आणि वहीत सही घेतो. तिथे नोंद संपते. पाकीट कंपनीच्या स्वागतकक्षात आठवडाभर पडून राहिलं, साहेबांच्या खणात गेलं की कर्मचाऱ्यांत वाटलं गेलं, याचा पुढे मागमूस नाही. सगळ्या सन्मानिका दिसायला सारख्याच असल्यानं दारावरचा स्वयंसेवक त्या फाडून डब्यात टाकतो, आणि रात्री डब्यात 400 अर्धुकं निघाली तरी त्यातली कोणती कोणाची हे ओळखता येत नाही.

यावरचा उपाय सोपा आहे, मात्र तो छपाईच्या आधी करावा लागतो. प्रत्येक सन्मानिकेला स्वतःचा वेगळा क्रमांक आणि वेगळा क्यूआर कोड हवा. कोणते क्रमांक कोणत्या प्रायोजकाला गेले याची यादीही त्याच दिवशी तयार व्हायला हवी. एकच कोड सगळ्यांवर छापला तर तो शोभेपुरता राहतो. दुसरी पायरी अशी की, प्रायोजकाकडे कागदाचा गठ्ठा पाठवण्याऐवजी एक दुवा पाठवायचा. त्याच्या माणसानं त्यावर पाहुण्याचं नाव आणि मोबाइल क्रमांक भरला की त्या पाहुण्याच्या फोनवर सन्मानिका जाते. न भरलेली सन्मानिका जन्मालाच येत नाही. (वयानं मोठ्या पाहुण्यांना फोनवरचं काही नको असतं, त्यांच्यासाठी नाव छापलेलं कार्ड द्यावं. रसिकांचं सरासरी वय पाहता अशी कार्डं बरीच लागतात.)

आता तीन वेगळे आकडे हाताशी येतात: दिलेल्या, नावं भरून घेतलेल्या आणि दारावर स्कॅन झालेल्या. आपल्या मुख्य प्रायोजकाचं काय झालं ते बघा. त्याला 120 दिल्या. नावं भरली गेली 96 ची. शुक्रवारी आले 31, शनिवारी 58, रविवारी 79. तीन दिवसांची बेरीज 168.

मग त्याचा वापर किती टक्के? कंपनीचा जनसंपर्क अधिकारी म्हणेल, सत्तर टक्के, कारण 120 पैकी 84 सन्मानिका निदान एकदा तरी वापरल्या गेल्या. समितीचा कार्यवाह म्हणेल, अठ्ठावन्न, कारण नावं भरलेल्या 96 सन्मानिकांच्या तीन दिवसांच्या 288 हजेऱ्या व्हायला हव्या होत्या, झाल्या 168. आणि खजिनदार म्हणेल, सत्तेचाळीस, कारण आपण 120 खुर्च्या तिन्ही दिवस, म्हणजे 360 वेळा राखून ठेवल्या होत्या. तिघेही खरं बोलतात. मोजायचं काय हे आधी ठरवलं नसेल तर पुढच्या वर्षीच्या बैठकीत प्रत्येक जण आपल्या सोयीचा आकडा घेऊन येतो. माझं मत खजिनदाराच्या बाजूचं आहे. खुर्ची दर दिवशी वेगळी विकली जाऊ शकते, तेव्हा हिशेबही खुर्ची आणि दिवस या जोडीनंच ठेवायला हवा.

सहप्रायोजकांपैकी एक सहकारी बँक. तिच्या 40 सन्मानिकांवर तिन्ही दिवस 36, 37, 38 माणसं आली. त्र्याण्णव टक्क्यांच्या घरातला वापर. याचं कारण बँकेत कोणी मोठा गानरसिक होता असं नाही. शाखाधिकाऱ्यांनी आपापल्या जुन्या ठेवीदारांना विचारून, जे खरंच येणार त्यांचीच नावं भरली. मुख्य प्रायोजकानं मात्र विभागवार कोटा पाडला होता. आठ विभाग, प्रत्येकी पंधरा. ज्या विभागाचं मुख्यालय दुसऱ्या गावात, त्याच्या पंधरा जागा तिथेच बुडाल्या. हे आकड्यांतून आपोआप कळत नाही. आकडा दाखवून विचारलं की समोरचा माणूस सांगतो.

आता दारावरचं पाहू, कारण हिशेब चुकतो तो मुख्यतः तिथे.

सगळ्यात पहिली गळती मानाच्या दाराची. पोलीस अधिकारी, नगरसेवक, प्रायोजक कंपनीचे संचालक आले की ‘या, या’ म्हणून आत नेलं जातं. त्यांच्यापुढे स्कॅनर धरायला स्वयंसेवक धजत नाही. परिणाम असा की ज्या पाहुण्यांसाठी हा सगळा खटाटोप, तेच आकडेवारीत गैरहजर ठरतात आणि प्रायोजकाच्या हातात ‘तुमचे लोक आलेच नाहीत’ असा कागद पडतो. नातं बिघडायला एवढं पुरतं. यासाठी या दाराशी एखादा जाणता माणूस यादी घेऊन बसवावा. त्यानं पाहुण्याला थांबवायचं नाही, नावापुढे फक्त खूण करायची.

दुसरी अडचण उलट दिशेची. एका सहप्रायोजक बांधकाम कंपनीच्या सगळ्या 40 सन्मानिका शनिवारी वापरल्या गेल्याचं यंत्र सांगतं. शंभर टक्के! पण स्कॅनच्या वेळा पाहिल्या तर पहिली 5 वाजून 52 मिनिटांची आणि शेवटची 5 वाजून 55 ची. माणसं अशी येत नाहीत. कुणी सहाला येतं, कुणी साडेसातला, जोडप्यानं येणाऱ्यांच्या दोन नोंदी लागून असतात आणि मध्ये खंड पडतो. तीन मिनिटांत चाळीस म्हणजे कोणीतरी एकाच कागदावरचे चाळीस कोड ओळीनं दाखवले. कंपनीच्या माणसानं आपला वापर चांगला दिसावा म्हणून ते केलं असेल, किंवा एका मोठ्या गटाचा प्रमुख खरोखरच सगळ्यांच्या सन्मानिका घेऊन पुढे आला असेल. दोन्हींतलं खरं काय ते खुर्च्या मोजल्याशिवाय कळत नाही.

म्हणून डोकी मोजणं सोडता येत नाही. रोज एका ठरलेल्या वेळी, मुख्य कलाकार मंचावर बसल्यावर, दोन स्वयंसेवकांनी प्रायोजकांच्या भागातल्या भरलेल्या खुर्च्या मोजायच्या आणि तोवरच्या स्कॅनशी ताडून पाहायच्या. स्कॅन 140 आणि बसलेले 190 असतील तर पन्नास जण मानाच्या दारानं किंवा कुणाच्या ओळखीनं आले आहेत. स्कॅन 140 आणि बसलेले 95 असतील तर उरलेले बटाटेवड्याच्या रांगेत आहेत, किंवा आलेच नव्हते. पाच-सात जणांचा फरक सोडून द्यावा. तो कायमच असतो.

तिसरी भानगड तंत्राची. सन्मानिकेचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपच्या गटात टाकला की ती पंचवीस फोनांवर जाते. पहिला येईल तो आत, बाकीच्यांना ‘वापरून झाली आहे’ असा लाल शेरा मिळतो, आणि बऱ्याचदा ज्याच्या नावानं ती दिली होती तोच ज्येष्ठ माणूस बाहेर अडकतो. दारं दोन असली तर उलटंही घडतं. गर्दीत मोबाइलचं जाळं बसतं, दोन्ही दारांवरचे स्कॅनर एकमेकांशी बोलेनासे होतात आणि एकाच कोडवर दोघे आत जातात. रात्री नोंदी एकत्र केल्या की दिलेल्यांपेक्षा वापर जास्त निघतो! प्रायोजकांच्या सगळ्या सन्मानिका एकाच दारावर घ्याव्यात, हा यावरचा साधा उपाय. शिवाय मध्यंतरात बाहेर जाऊन परत येणाऱ्याचा कोड पुन्हा स्कॅन होतो. बेरीज करताना स्कॅन मोजायचे नसतात, वेगवेगळे क्रमांक मोजायचे असतात. ही चूक इतकी सर्रास होते की एखाद्या अहवालात वापर संशयास्पद चांगला दिसला तर मी आधी हेच विचारीन.

एवढं सगळं मोजून करायचं काय? दोन गोष्टी करता येतात. एक त्याच दिवशी, दुसरी पुढच्या वर्षी.

त्याच दिवशीची गोष्ट नाजूक आहे. नावं भरायला कार्यक्रमाच्या पाच दिवस आधीची मुदत दिली आणि ती करारातच लिहिली, तर न भरलेल्या जागा सरळ विक्रीला काढता येतात. आपल्या 300 पैकी समजा 228 ची नावं भरली गेली. उरलेल्या 72 खुर्च्या खिडकीवर जातील, त्याबद्दल कोणाची तक्रार असू नये. प्रश्न आहे तो नाव भरून न येणाऱ्यांचा. क्रिकेटच्या सामन्यात पहिल्या तासाभरात आला नाही तो येणार नाही, असं साधारण धरता येतं. आपल्या संगीत महोत्सवांत उलट असतं. सर्वांत ज्येष्ठ कलाकार शेवटी बसतो, आणि प्रायोजकांचे पाहुणे कार्यालयातून सुटून, कपडे बदलून, नेमके त्याच्यासाठी आठ-साडेआठला उगवतात. साडेसहाला रांगा रिकाम्या दिसल्या म्हणून बैठकीतल्या लोकांना पुढे बोलावलं, तर साडेआठला संचालकांच्या पत्नीला उभं राहावं लागतं. मग गाण्यापेक्षा त्याची चर्चा जास्त दिवस चालते.

इथे मागच्या वर्षाच्या नोंदी कामाला येतात, त्यातही तासवार नोंदी. शुक्रवारी साडेसहापर्यंत 60 आले आणि रात्री अखेर 130 झाले, असा गेल्या वर्षीचा अनुभव असेल, तर यंदा 150 खुर्च्या पुढच्या रांगांत रात्रीपर्यंत राखाव्यात. 228 मधल्या उरलेल्या 78 खुर्च्या, मागच्या बाजूच्या, सातच्या सुमारास बैठकीतल्या ज्येष्ठांना मोकळ्या कराव्यात. वीसची गादी ठेवली आहे. तीही एखाद्या वर्षी कमी पडेल, कारण पाऊस आला नाही, किंवा शेवटच्या कलाकाराला त्याच आठवड्यात मोठा पुरस्कार जाहीर झाला. एका वर्षाच्या नोंदीवर याहून धीट होऊ नये. आणि नोंदच नसेल तर पहिल्या वर्षी नुसतं मोजावं, कुणाचीही राखीव खुर्ची सोडू नये. ही सोय खुर्च्यांवर क्रमांक नसले तरच जमते. खुर्ची क्रमांकानं दिली असेल तर ‘कितीतरी येणार नाहीत’ एवढं पुरत नाही, ‘कोण येणार नाही’ हे लागतं, आणि ते अगोदर कळत नाही.

विम्बल्डननं हा पेच वेगळ्या रीतीनं सोडवला. लवकर घरी जाणारे प्रेक्षक आपली तिकिटं परत करतात आणि ती त्याच दिवशी रांगेतल्या लोकांना स्वस्तात विकली जातात. ही पद्धत 1954 पासून आहे, आणि पैसे धर्मादाय कामाला जातात. 2012 च्या लंडन ऑलिम्पिकनंही तिचा आधार घेतला. पण त्या ऑलिम्पिकची खरी शिकवणी त्याआधीच्या दोन दिवसांत झाली होती. 27 जुलैला उद्घाटन झालं आणि पहिल्याच शनिवार-रविवारी जगभरच्या पडद्यांवर रिकाम्या खुर्च्यांच्या रांगा दिसल्या. तिकिटं न मिळालेले ब्रिटिश नागरिक संतापले. सगळ्यांची बोटं प्रायोजकांकडे वळली, ब्रिटनच्या सांस्कृतिक मंत्र्यांनीही सुरुवातीला त्यांच्याकडेच निर्देश केला. चौकशीत दिसलं की त्यातल्या बऱ्याच जागा प्रायोजकांच्या नव्हत्याच. त्या होत्या ‘ऑलिम्पिक परिवारा’च्या, म्हणजे क्रीडा महासंघांचे पदाधिकारी, अधिकारी, खेळाडू, पत्रकार यांच्या. त्यांच्याकडे तिकीट नव्हतं, गळ्यात ओळखपत्र होतं, आणि ते दाखवून राखीव भागात कुठेही, कधीही बसता येत होतं. कोणत्या सत्राला कोण येणार हे त्या ओळखपत्रावरून कळणं शक्यच नव्हतं. शेवटी सैनिक, विद्यार्थी आणि शिक्षक आणून जागा भरल्या, आणि महासंघांकडून सोडवून घेतलेली तिकिटं रोज रात्री विक्रीला काढली.

आपल्या मंडपातही हेच असतं, फक्त ‘परिवार’ लहान असतो. समितीचे सदस्य, त्यांचे मेहुणे, महापालिका, वीज कंपनी, अग्निशमन दल, वृत्तपत्रं, कलाकारांचे शिष्य, गेल्या वर्षीचे पदाधिकारी. या सगळ्यांना ‘बॅज’ किंवा तोंडी परवानगी असते आणि ते प्रायोजकांच्या शेजारच्याच रांगांत बसतात किंवा बसत नाहीत. म्हणून वेगळा क्रमांक फक्त प्रायोजकांच्या सन्मानिकांना देऊन भागत नाही. समितीच्या अध्यक्षांच्या वाट्याच्या दहा पासांनाही तो लागतो. याला सगळ्यात जास्त विरोध होतो तो समितीच्या आतूनच, आणि तो कशासाठी होतो हे सांगायची गरज नाही.

पुढच्या वर्षीची गोष्ट करारांची. मुख्य प्रायोजकाकडे जाताना ‘तुमच्या निम्म्या खुर्च्या रिकाम्या होत्या’ असं सुरू केलं तर 15 लाखांचा धनादेश धोक्यात येतो. तीन दिवसांचे तीन आकडे समोर ठेवले तर बोलणं दुसरीकडे जातं. 31, 58, 79. त्यांच्या लोकांना रविवार हवा आहे, शुक्रवार नको आहे. मग तिन्ही दिवसांच्या 120 ऐवजी तिन्ही दिवसांच्या 70 आणि केवळ रविवारच्या 30 असा प्रस्ताव ठेवता येतो. रविवारी त्यांना शंभर खुर्च्या मिळतात, आलेल्या 79 पेक्षा जास्तच. शुक्रवार आणि शनिवारी सत्तर, म्हणजे शनिवारच्या 58 ला पुरून उरतील इतक्या. राखीव जागा 360 वरून 240 वर येतात आणि माणसं तितकीच आली तर वापर सत्तर टक्के दिसतो. सुटलेल्या जागांच्या बदल्यात कंपनीला कलाकारांशी सकाळच्या गप्पांचा एखादा कार्यक्रम किंवा पुस्तिकेतलं मलपृष्ठ देता येईल. सहकारी बँक आणखी वीस मागेल, तिला द्याव्यात.

सुटलेल्या खुर्च्यांत शुक्रवारच्या 50, शनिवारच्या 50 आणि रविवारच्या 20 आहेत. रविवारच्या वीस तासाभरात विकल्या जातील. शुक्रवारच्या पन्नास विकल्या जातीलच असं नाही. प्रायोजकांच्या लोकांना शुक्रवारी साडेपाचला येणं जमत नाही, तसं तिकीट काढणाऱ्यांनाही जमत नाही. तेव्हा त्या पन्नास संगीत शाळांच्या विद्यार्थ्यांना द्याव्यात, वेगळ्या क्रमांकानं, आणि किती जण आले ते त्यांचंही मोजावं.